तिमाही गुणांचा आडवा तक्ता उभा कसा करायचा? (एक्सेल आणि गुगल शीट, दोन्हींमध्ये)



मागच्या वर्षी एप्रिलमध्ये मी माझ्या चौथीच्या वर्गाचा निकाल मुख्याध्यापकांना दाखवत होते. आम्ही शाळेपुरती दर सत्रात दोन, अशी वर्षाला चार वेळा वीस-वीस गुणांची छोटी चाचणी घेतो: ऑगस्ट, ऑक्टोबर, जानेवारी आणि एप्रिल. आमच्या बोलण्यात ती 'तिमाही'. मी चारही तिमाहींच्या सरासरीचा एक स्तंभालेख काढला होता. त्यातला तिसरा स्तंभ एकदम बुटका. सरांनी लगेच विचारलं, "मॅडम, जानेवारीत वर्ग एवढा कसा काय पडला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी येऊन तक्ता पुन्हा पुन्हा पाहिला. शेवटी लक्षात आलं की वर्ग पडलाच नव्हता. माझ्या तक्त्याची मांडणीच अशी होती की खरी गोष्ट त्यात दिसत नव्हती. ती दिसायला लागली तक्ता 'उभा' केल्यावर. तो कसा करायचा आणि करताना कुठे फसायला होतं, ते आज पाहू.

आपला नेहमीचा तक्ता: आडवा

समजायला सोपं जावं म्हणून वर्गातली सहाच मुलं आणि दोनच विषय घेते. मुलांची नावं बदललेली आहेत. पुढची सगळी उदाहरणं याच तक्त्यावर आहेत, म्हणून तो एकदा नीट पाहून घ्या.

| क्र. | नाव | मराठी-1 | मराठी-2 | मराठी-3 | मराठी-4 | गणित-1 | गणित-2 | गणित-3 | गणित-4 |
|---|---|---|---|---|---|---|---|---|---|
| 1 | आरती | 14 | 15 | 15 | 16 | 15 | 14 | 15 | 15 |
| 2 | सोहम | 11 | 12 | 12 | 13 | 10 | 11 | 11 | 12 |
| 3 | रुक्मिणी | 12 | 13 | | 10 | 13 | 14 | | 8 |
| 4 | समीर | 16 | 15 | 16 | 17 | 14 | 14 | 15 | 15 |
| 5 | पूजा | 13 | 13 | 14 | 14 | 16 | 13 | 11 | 8 |
| 6 | गणेश | 9 | 10 | | 8 | 8 | 9 | | 6 |

रुक्मिणी आणि गणेश यांच्या तिसऱ्या तिमाहीच्या जागा रिकाम्या आहेत. दोघांचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, मुलंही सोबत जातात. जानेवारीच्या चाचणीला ती दोघं गावात नव्हती, मार्चमध्ये परत आली.

गुण भरायला हा तक्ता उत्तम आहे. एका मुलाची एक ओळ, शेजारी शेजारी गुण, प्रिंट काढली की झालं. अडचण येते ती प्रश्न विचारताना. समजा तुम्हाला तिसऱ्या तिमाहीची सरासरी हवी आहे. मराठीचा तिसरा स्तंभ E मध्ये आहे, गणिताचा I मध्ये. म्हणून सूत्र असं लिहावं लागतं:

```
=AVERAGE(E2:E7,I2:I7)
```

पाच विषय असतील तर पाच तुकडे शोधून जोडायचे. चौथ्या तिमाहीसाठी पुन्हा वेगळे पाच. एक स्तंभ चुकला तरी उत्तर येतंच, फक्त चुकीचं येतं.

असं का होतं? 'तिसरी तिमाही' ही माहिती या तक्त्यात कुठल्याच घरात भरलेली नाही. ती फक्त शीर्षकात आहे. माणसाला शीर्षक वाचून कळतं, पण संगणक घरांमधली माहिती चाळतो, शीर्षकाच्या आत लपलेली नाही. 'तिमाही ३ असलेले सगळे गुण काढ' असं त्याला सांगता येत नाही, कारण 'तिमाही' नावाचा स्तंभच नाही. विषयाचंही तसंच.

उभा तक्ता म्हणजे काय?

उभ्या तक्त्यात एका मुलाची एक ओळ नसते. एका गुणाची एक ओळ असते. आरतीचे आठ गुण म्हणजे आरतीच्या आठ ओळी. शीर्षकात लपलेला विषय आणि तिमाही आता घरात येऊन बसतात:

| क्र. | नाव | विषय | तिमाही | गुण |
|---|---|---|---|---|
| 1 | आरती | मराठी | 1 | 14 |
| 1 | आरती | मराठी | 2 | 15 |
| 1 | आरती | मराठी | 3 | 15 |
| 1 | आरती | मराठी | 4 | 16 |
| 1 | आरती | गणित | 1 | 15 |

आणि असंच पुढे. सहा मुलं गुणिले आठ स्तंभ, म्हणजे ४८ ओळी. हा आकडा लक्षात ठेवा, तपासताना लागणार आहे.

आडव्याचं उभं करण्याच्या या कामाला 'अनपिव्होट' म्हणतात. हॅडली विकहॅम या संख्याशास्त्रज्ञाने २०१४ साली 'टायडी डेटा' या लेखात याचा साधा नियम मांडला: प्रत्येक गुणधर्माचा एक स्तंभ, प्रत्येक नोंदीची एक ओळ. आपले गुणधर्म कोणते? मूल, विषय, तिमाही आणि गुण. आणि एक नोंद म्हणजे एका मुलाला एका चाचणीत एका विषयात मिळालेले गुण.

सुरुवात करण्याआधी तक्ता नीट करा

आपल्यापैकी बहुतेकांच्या शीटमध्ये वरच्या ओळीत 'मराठी' हे चार घरं जोडून (मर्ज करून) मध्यभागी लिहिलेलं असतं आणि खालच्या ओळीत १, २, ३, ४. कागदावर छान दिसतं, पण इथे चालत नाही. शीर्षकाची ओळ एकच हवी आणि प्रत्येक शीर्षक वेगळं हवं. म्हणून जोडलेली घरं सुटी करा आणि वर दाखवल्याप्रमाणे 'मराठी-1', 'गणित-3' अशी शीर्षकं लिहा. विषय आणि आकडा यांच्यामध्ये प्रत्येक वेळी तीच खूण ठेवा. कुठे '-', कुठे नुसती मोकळी जागा असं नको. पुढे याच खुणेवर शीर्षकाचे दोन भाग करायचे आहेत.

'एकूण' आणि 'टक्केवारी' हे स्तंभ या तक्त्यातून काढून टाका. ते राहिले तर त्यांच्याही ओळी तयार होतात. मग मराठीची एकूण ६० ही आरतीची आणखी एक चाचणी असल्यासारखी मोजली जाते. एकूण नंतर कधीही काढता येते.

गुण आणि तिमाहीचे आकडे 1, 2, 3 असे इंग्रजी अंकांत भरा. मराठी कीबोर्डवरून भरलेला '१४' संगणक मजकूर समजण्याची शक्यता असते आणि मग तो बेरजेत धरला जात नाही. ओळखायची खूण सोपी: आपण मुद्दाम काही बदललं नसेल तर संख्या घरात उजवीकडे चिकटते आणि मजकूर डावीकडे.

रिकाम्या जागांचं काय करायचं, ते थोडं पुढे सांगते. आत्ता मुद्दाम रिकाम्याच ठेवू.

एक्सेलमध्ये: पॉवर क्वेरी

एक्सेल २०१६ आणि त्यापुढच्या विंडोज आवृत्त्यांत ही सोय आधीपासून आहे, वेगळं काही बसवावं लागत नाही.

१. तक्त्यात कुठेही क्लिक करा आणि `Ctrl + T` दाबा. येणाऱ्या चौकटीत `My table has headers` समोर बरोबरची खूण असू द्या. `OK` करा.

२. वरच्या `Data` टॅबमध्ये `From Table/Range` वर क्लिक करा (२०१६ मध्ये नुसतं `From Table` दिसेल). पॉवर क्वेरीची वेगळी खिडकी उघडेल. घाबरू नका, इथे काहीही केलं तरी तुमचा मूळ तक्ता बदलत नाही.

३. उजव्या बाजूला `Applied Steps` ही यादी दिसेल. त्यात `Changed Type` ही पायरी एक्सेलने आपणहून घातलेली असते. तिच्या डावीकडच्या फुलीवर क्लिक करून ती काढून टाका. कारण तिच्यात प्रत्येक स्तंभाचं नाव कोरलेलं असतं. उद्या तुम्ही 'मराठी-1' चं 'भाषा-1' केलंत, की तो स्तंभ सापडत नाही म्हणून सगळं अडून बसतं.

४. आता 'क्र.' च्या शीर्षकावर क्लिक करा. `Ctrl` दाबून धरा आणि 'नाव' वर क्लिक करा. म्हणजे जे दोन स्तंभ जसेच्या तसे राहायला हवेत, ते निवडले गेले.

५. `Transform` टॅबमध्ये `Unpivot Columns` शेजारच्या छोट्या बाणावर क्लिक करून `Unpivot Other Columns` निवडा.

एवढंच. क्षणात आठ स्तंभ गायब होतात आणि त्यांच्या जागी दोनच येतात: `Attribute` (जुनं शीर्षक) आणि `Value` (गुण).

इथे 'Other' का निवडलं, ते सांगते. याचा अर्थ 'हे दोन सोडून बाकी सगळे उभे कर'. उद्या इंग्रजीचे चार स्तंभ वाढवले तर तेही आपोआप उभे होतात. `Unpivot Only Selected Columns` निवडलं असतं, तर इंग्रजीचे स्तंभ तसेच आडवे राहिले असते.

६. `Attribute` स्तंभ निवडून `Split Column` → `By Delimiter` करा आणि खूण म्हणून `-` द्या. 'मराठी-1' चे 'मराठी' आणि '1' असे दोन स्तंभ होतील.

७. शीर्षकांवर दोनदा क्लिक करून नावं बदला: विषय, तिमाही, गुण. मग `Home` → `Close & Load`. उभा तक्ता नव्या शीटवर येईल.

पुढच्या वेळी मूळ तक्त्यात गुण भरलेत किंवा बदललेत, की `Data` → `Refresh All` करायचं. वरच्या पायऱ्या पुन्हा कराव्या लागत नाहीत.

गुगल शीटमध्ये: एकच सूत्र

ज्यांच्याकडे एक्सेल नाही किंवा जे मोबाईलवर काम करतात, त्यांच्यासाठी हे. तक्ता A1 पासून J7 पर्यंत आहे असं धरा. L1 ते P1 मध्ये क्र., नाव, विषय, तिमाही, गुण ही शीर्षकं लिहा आणि L2 मध्ये हे सूत्र टाका:

```
=ARRAYFORMULA(SPLIT(FLATTEN(
 A2:A7&"|"&B2:B7&"|"&C1:J1&"|"&C2:J7),"|-"))
```

हे काय करतं? `&` ने क्रमांक, नाव, शीर्षक आणि गुण एकमेकांना चिकटवून '1|आरती|मराठी-1|14' अशी एक पट्टी तयार होते, प्रत्येक गुणाची एक. `FLATTEN` या सगळ्या पट्ट्या एकाखाली एक रचतं. `SPLIT` त्या पट्टीचे '|' आणि '-' या दोन्ही खुणांवर तुकडे करतं, म्हणून विषय आणि तिमाहीही एकाच फटक्यात वेगळे होतात. मात्र मुलाच्या नावातच '-' असेल तर त्या ओळीतले तुकडे एक घर सरकतात, तेवढं पाहून घ्या.

तुमच्या वर्गात २८ मुलं असतील तर 7 च्या जागी 29 लिहा.

आता तपासा: ओळी किती आल्या?

एक्सेलच्या नव्या शीटवर ओळी मोजा. ४८ हव्या होत्या ना? ४४ च येतील! गुगल शीटमध्ये मात्र ४८ च्या ४८ येतात.

चार ओळी गेल्या कुठे? पॉवर क्वेरी उभं करताना रिकामी घरं गाळून टाकते. सूचना नाही, इशारा नाही. रुक्मिणीच्या दोन आणि गणेशच्या दोन ओळी गुपचूप गेल्या. गुगल शीटचं सूत्र त्या ओळी ठेवतं आणि गुणांची जागा रिकामी सोडतं.

बेरीज तपासली तर ही चूक सापडत नाही. मूळ तक्त्यात `=SUM(C2:J7)` ने ५५५ येतात आणि उभ्या तक्त्यात `=SUM(E:E)` नेही ५५५ च. कारण रिकाम्या घरांनी बेरजेत तसंही काही दिलं नव्हतं. म्हणून दोन्ही तपासण्या करायच्या. बेरीज सांगते की गुण बरोबर आले, ओळींची संख्या सांगते की मुलं सगळी आली. 'एकूण' चे दोन स्तंभ काढायला विसरला असाल, तर इथेच कळेल: बेरीज दुप्पट, म्हणजे १११० येईल.

रिकामं, शून्य की 'गैर'?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जानेवारीचा तो बुटका स्तंभ कशामुळे आला?

मी त्या चार रिकाम्या जागी ० भरलं होतं. 'जागा रिकामी ठेवायची नाही' ही आपली सवय! तिसऱ्या तिमाहीत दोन्ही विषयांची मिळून बेरीज १०९. शून्यं धरली तर भागिले १२, म्हणजे सरासरी ९.०८. पहिल्या तिमाहीची १२.५८ आणि दुसरीची १२.७५ होती. त्यांच्या शेजारी ९.०८ म्हणजे वर्ग कोसळलाच असं वाटणार.

बरं, रिकाम्या जागा ठेवल्या आणि पॉवर क्वेरीने त्या गाळल्या तर? मग १०९ भागिले ८, म्हणजे १३.६३. आता तिसरी तिमाही वर्षातली सर्वांत चांगली दिसते!

मुलं तीच, उत्तरपत्रिका त्याच. एका पद्धतीने जानेवारी सर्वांत वाईट, दुसरीने सर्वांत छान. दोन्ही खोटं. खरं काय ते पाहायचं तर चारही वेळा हजर असलेल्या चार मुलांचीच तुलना करायला हवी. आरती, सोहम, समीर, पूजा यांची पहिल्या तिमाहीची बेरीज १०९, म्हणजे सरासरी १३.६३. दुसरीची १०७, म्हणजे १३.३८. तिसरीची पुन्हा १०९. जानेवारीत वर्ग पडला नव्हता आणि चढलाही नव्हता. दोन मुलं गावात नव्हती, एवढंच घडलं होतं.

म्हणून माझा नियम आता असा आहे: मूल गैरहजर असेल तर घरात 'गैर' लिहायचं. शून्य फक्त चाचणीला बसून शून्य मिळालं तरच. मूळ तक्त्यात ही चार घरं 'गैर' ने भरा, एक्सेलमध्ये `Refresh All` करा आणि पुन्हा ओळी मोजा. आता ४८ येतील. 'गैर' हा मजकूर असल्याने सरासरीत तो धरला जात नाही, पण ओळ जागेवर राहते, म्हणजे मूल यादीतून गायब होत नाही.

एक काळजी घ्या. 'गुण' या स्तंभाचा प्रकार पॉवर क्वेरीत `Whole Number` करू नका. तसं केलंत तर 'गैर' च्या जागी `Error` येईल.

आता प्रश्न विचारा

उभा तक्ता तयार झाला की सूत्रं सोपी होतात. एक्सेलच्या उभ्या तक्त्यात तिमाही D मध्ये आहे आणि गुण E मध्ये. पहिल्या तिमाहीत ९ पेक्षा कमी गुणांच्या नोंदी किती?

```
=COUNTIFS(D:D,1,E:E,"<9")
```

मधला 1 बदलून 2, 3, 4 करा. उत्तरं येतात: १, ०, ०, ४. आणि गैरहजरीच्या नोंदी:

```
=COUNTIFS(D:D,3,E:E,"गैर")
```

उत्तर ४. ही दोन सूत्रं शेजारी ठेवली की तिसऱ्या तिमाहीतला ० कसा वाचायचा ते कळतं. 'कोणीच मागे नाही' असा त्याचा अर्थ नाही. ज्यांची काळजी करायची ती चाचणीला नव्हती. (गुगल शीटमध्ये D च्या जागी O आणि E च्या जागी P लिहा.)

दुसरा प्रश्न: पहिल्या तिमाहीपासून कोण किती वर-खाली झालं? उभ्या तक्त्यात क्लिक करून `Insert` → `PivotTable` करा. `Rows` मध्ये नाव आणि विषय, `Columns` मध्ये तिमाही, `Values` मध्ये गुण टाका. स्तंभात 'गैर' हा मजकूर असल्याने एक्सेल आपणहून `Count` लावेल. `Value Field Settings` मध्ये जाऊन ते `Average` करा. `Sum` करू नका, कारण `Sum` मध्ये 'गैर' चं पुन्हा ० होतं आणि आपण जिथून निघालो तिथेच परत येतो. `Average` मध्ये त्या घरात `#DIV/0!` दिसेल. ते विचित्र दिसतं, पण 'इथे संख्याच नाही' हेच ते सांगतं. `PivotTable Options` मधल्या `For error values show` मध्ये 'गैर' लिहिलं की तसं दिसायला लागेल.

मग त्याच `Value Field Settings` मध्ये `Show Values As` → `Difference From` निवडा. `Base field` तिमाही आणि `Base item` 1. आता चौथ्या तिमाहीच्या स्तंभात असं दिसतं:

| नाव | मराठी | गणित |
|---|---|---|
| आरती | 2 | 0 |
| सोहम | 2 | 2 |
| रुक्मिणी | -2 | -5 |
| समीर | 1 | 1 |
| पूजा | 1 | -8 |
| गणेश | -1 | -2 |

(तुमच्या पडद्यावर विषय एकाखाली एक येतील, इथे जागेसाठी शेजारी लिहिलेत.)

पूजाचं गणित बघा. वजा आठ! गंमत म्हणजे वर्षभर माझं तिच्याकडे लक्षच गेलं नव्हतं. तिची एकूण १६० पैकी १०२, सोहमची ९२. निकालपत्रकात ती सोहमच्या वर होती, म्हणून मी सोहमला रोज शेजारी बसवून उदाहरणं देत होते. तो प्रत्येक विषयात दोन गुणांनी चढला आणि ती १६ वरून १३, ११, ८ अशी उतरत गेली. सहा मुलांच्या तक्त्यात हे नुसत्या नजरेलाही दिसेल. पण २८ मुलं, पाच विषय आणि चार तिमाही म्हणजे ५६० गुण होतात. त्यात नजर फक्त 'एकूण' च्या स्तंभावर जाते आणि एकूण सगळं झाकून टाकते.

तक्ता कारण सांगत नाही, कुठे पाहायचं तेवढं सांगतो. मी पूजाच्या चारही उत्तरपत्रिका काढून समोर ठेवल्या. बेरीज-वजाबाकी-गुणाकार बरोबर, भागाकार जवळजवळ सगळे चुकलेले. पहिल्या चाचणीत भागाकार नव्हताच, पुढे तो वाढत गेला. वर्षाचे शेवटचे पंधरा दिवस आम्ही खडे आणि वाटण्या घेऊन फक्त भागाकार केला.

रुक्मिणीचं कारण वेगळं. गणितात ती ऑक्टोबरला १४ वर होती, परत आली तेव्हा ८. जानेवारीआधी शिकवलेला अपूर्णांक तिने पाहिलाच नव्हता. शून्य भरलेल्या तक्त्यात ती 'ढ' मुलगी दिसत होती. 'गैर' लिहिलेल्या तक्त्यात दिसलं की ती चांगली चाललेली असताना आमच्याकडून तिचा एक धडा राहून गेला. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मी हाच तक्ता ठेवला. यंदा परत येणाऱ्या मुलांसाठी मार्चमध्ये राहिलेल्या घटकांची वेगळी तासिका ठेवायचं ठरलं आहे.

उभा तक्ता कुठे वापरू नये

गुण भरायला उभा तक्ता वापरू नका. २८ मुलांची नावं वीस-वीस वेळा लिहिताना चुका होणारच. पालकांना द्यायच्या प्रगतिपत्रकातही आडवाच तक्ता ठेवा, त्यांना आपल्या मुलाची एक ओळ वाचायची असते. भरायचं आडवं, प्रश्न विचारायचे उभ्याला.

आणि 'क्र.' चा स्तंभ कधीही काढू नका. वर्गात दोन 'पूजा' असतील तर उभ्या तक्त्यात त्यांच्या ओळी एकमेकींत मिसळतात आणि पिव्होट दोघींची मिळून एकच सरासरी काढतो. अशा वेळी `Rows` मध्ये नावाच्या आधी क्रमांक टाका.

पालकहो, तुमच्या हातात प्रगतिपत्रक आलं की एकूण गुणांच्या आधी एकेक विषय पहिल्या चाचणीपासून शेवटपर्यंत बोट फिरवून वाचा. कुठे रिकामी जागा किंवा शून्य दिसलं तर शिक्षकांना एवढंच विचारा: "त्या दिवशी तो हजर होता का?"

तुमचा तक्ता उभा केल्यावर ओळी किती हव्या होत्या आणि किती आल्या, ते कमेंटमध्ये जरूर लिहा. फरक आला तर कुठली घरं रिकामी होती तेही सांगा, आपण मिळून शोधू.